जुनी कॉईल भंगारात टाकू नका

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा लागला की विहिरीवरच्या मोटरी जळतात आणि आमच्या दुकानात रांग लागते. परवा अशीच एक ३ एचपीची थ्री-फेज मोटर आली. पाटी गंजलेली, त्यावर १४४० आरपीएम एवढंच वाचता आलं. म्हणजे चार पोलची मोटर.

उघडली तर दोन फेजच्या कॉईली कोळसा, तिसरीच्या चांगल्या लालसर. स्टार जोडणीच्या मोटरीला येणारी एक फेज गेली की असंच होतं. डेल्टा असेल तर उलट, एकच फेज जळते. नव्या कॉईलींचं माप घ्यायचं ते या वाचलेल्या फेजवरून.

स्टेटरला खाचा ३६. चार पोलने भागलं की पोलमागे ९. मग पिच. कॉईलची एक बाजू ज्या खाचेत आहे तिला एक म्हणायचं आणि दुसरी बाजू येईपर्यंत मोजत जायचं. इथे आतली कॉईल १-८, मधली १-१०, बाहेरची १-१२. तिघींचा एक गट, असे सहा गट, प्रत्येक फेजला दोन. दोन गटांवर चार पोल करायचे, म्हणून पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडलेला होता. हे कापण्याआधीच वहीत काढून घ्या. जोड उलटा झाला तर मोटर दोन पोलची होऊन बसते.

आता वेढे. छिन्नीने कॉईलची एक बाजू कापली आणि टोकं मोजली, तर १०८. आमचा पोरगा लगेच फर्म्यावर १०८ वेढे घ्यायला निघाला! पण गटातून बाहेर येणारं टोक बघितलं, तर तारा दोन होत्या. म्हणजे दुहेरी तारेचे ५४ वेढे. आणखी दोन कॉईली मोजल्या, तेवढेच भरले.

खरी फसगत गेजमध्ये, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबरात होते. मायक्रोमीटर लावला, ०.७८ मिलिमीटर. घाईत कोणीही २१ नंबर म्हणेल, कारण त्याची उघडी तार ०.८१ असते. पण आपण इनॅमलसकट मोजत होतो. काडीने इनॅमल जाळून फडक्याने पुसलं, तेव्हा ०.७१ भरली. हा २२ नंबर. सॅंडपेपर मात्र लावू नका, तांबंच घासलं जातं.

२१ नंबर घेतला असता तर काय झालं असतं? तांबं तीस टक्क्यांनी वाढतं, ५४ वेढे खाचेत मावत नाहीत, मग कारागीर गुपचूप पाच-सहा वेढे कमी करतो. वेढे कमी झाले की पत्र्यातलं चुंबकत्व वाढतं आणि मोटर रिकामी फिरतानाच घुमते, तापते. गिऱ्हाईक म्हणतं, तार हलकी वापरली. तार तर उलट जाड असते!

आमची मोटर वार्निश वाळल्यावर पंपाविना चालवली. तिन्ही फेजवर करंट सव्वादोन अँपिअरच्या आसपास, जवळपास सारखा. अर्धा तास फिरवून बॉडीवर हात ठेवला, तो आरामात ठेवता येत होता.