मेसेजच्या सुरुवातीला hhhk22 का येतं?

नमस्कार मंडळी. मी एका क्लासच्या फी विभागात चॅटवर उत्तरं देते. एका विद्यार्थ्याचा हा पहिलाच मेसेज, जसाच्या तसा बघा:

```
hhhk2245071 चे पैसे कापले, फॉर्म पुढे जात नाही
```

शेजारचा सहकारी म्हणाला, "कुणाचं तरी पोर कीबोर्डवर बसलंय, बंद कर." पण पुढचं वाक्य बघा ना, किती स्वच्छ आहे. घोळ फक्त सुरुवातीला आहे, आणि खूण तीच.

अंध माणूस संगणकावर NVDA सारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो, तेव्हा वेबपानावर एकेका अक्षराने उड्या मारतो. h दाबलं की पुढचं शीर्षक, k दाबलं की पुढची लिंक, 2 दाबलं की दुसऱ्या पातळीचं शीर्षक. पण कर्सर लिहायच्या चौकटीत असला की याच कळा अक्षरं उमटवतात. आमचं पान उघडताच कर्सर आपोआप चॅटच्या चौकटीत जाऊन बसायचा. तो बिचारा शीर्षकं शोधत होता, आणि आम्हाला hhh मिळत होतं. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड चालू असेल तर याच कळांचं 'पपपक' होतं, कारण h च्या कळीवर प आहे आणि k च्या कळीवर क.

अक्षरं सहज ओळखू येतात हो, आकडे फसवतात. 1 ते 6 या कळाही शीर्षकांच्याच. आमचे पावती क्रमांक पाच आकडी, इथे सात आकडे दिसतायत. म्हणजे पुढचे 22 उड्यांचे असावेत आणि पावती 45071. पण 'असावेत' वर कुणाच्या पैशांची नोंद शोधायची नसते. मी लिहिलं:

"पैसे कापले गेले पण फॉर्म अडकला, हे समजलं. पावती क्रमांक 4 5 0 7 1 बरोबर आहे का?"

आकडे सुटे लिहिले, कारण सलग लिहिले तर स्क्रीन रीडर 'पंचेचाळीस हजार एकाहत्तर' असं वाचू शकतो. hhhk चा उल्लेखच केला नाही. 'तुम्हाला दिसत नाही का?' हेही विचारलं नाही. त्याचा फीशी काय संबंध? पुढची पायरीही शब्दांत सांगितली, स्क्रीनशॉट पाठवला नाही.

फोनवर बोलून लिहिणाऱ्यांचा घोळ वेगळा. हेडफोन नसेल तर टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि मेसेजमध्ये मधेच 'एडिट बॉक्स डबल टॅप' येतं. तिथे तेवढे शब्द वगळून वाचायचं, बाकी रीत तीच.

त्याचं उत्तर आलं, "हो, तोच." नोंद सापडली, फॉर्म पुढे सरकला. मग आमच्या वेबसाइटवाल्याला सांगून चॅटच्या चौकटीच्या कोडमधला, कर्सर आपोआप तिथे नेणारा हा एक शब्द काढून टाकला:

```
autofocus
```