पोल तेच, झीरो बदलला की काय होतं

(जळगावला इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून टाकतोय)

तर पोरांनो, पोल म्हंजे डिनॉमिनेटर शून्य होतो ती जागा आणि झीरो म्हंजे न्यूमरेटर शून्य होतो ती, एवढं सगळ्यांना पाठ आहे, पण त्या फुल्या आणि गोळे बघून स्टेप रिस्पॉन्स कसा येईल ते सांगा म्हटलं की वर्ग गप्प होतो. म्हणून आज एकच सिस्टीम घेऊ.

G(s) = 20/(s² + 4s + 20)

याचे पोल −2 ± j4 ला. घरातली बंगई एकदा ढकलून सोडली की ती किती वेळात थांबणार आणि कोणत्या तालात हलणार हे ढकलणाऱ्याच्या हातात नसतं ना, तसं आहे हे. रिअल भाग −2, म्हणून हेलकावे e^(−2t) ने मरतात, साधारण 2 सेकंदात सेटल. इमॅजिनरी भाग 4, म्हणून ताल 4 रेडियन पर सेकंद आणि पहिलं शिखर π/4 म्हंजे 0.79 सेकंदाला. ओव्हरशूट 21 टक्के. पोल अजून डावीकडे सरकवले तर लवकर थांबेल, वर सरकवले तर जोरात हलेल, आणि उजव्या अर्ध्यात गेले की थांबतच नाही, वाढत जातं. हे तुम्हाला येतं, पुढे जाऊ.

आता पोलला हातच लावायचा नाही, फक्त वरती (1 + s/2) टाकायचं, म्हंजे झीरो −2 ला. s ने गुणणं म्हंजे डेरिव्हेटिव्ह, त्यामुळे नवीन आउटपुट = जुनं आउटपुट + त्याच्या स्लोपचा अर्धा भाग. सुरुवातीला स्लोप मोठा असतो म्हणून उडी लवकर बसते आणि मोठी बसते: शिखर 0.39 सेकंदालाच येतं आणि ओव्हरशूट 91 टक्के! डॅम्पिंग रेशो तोच 0.45 बरं का. म्हणून झीटावरून ओव्हरशूटचा फॉर्म्युला लावायच्या आधी वरती झीरो आहे का ते बघत जा, परीक्षेत अर्धे लोक इथेच पडतात. हाच झीरो −20 ला लांब ठेवला तर स्लोपचा विसावाच भाग मिसळतो, ओव्हरशूट 21 चा 21च राहतो.

आता मजा बघा भो. झीरो +2 ला टाका, म्हंजे (1 − s/2). पोल तेच, सिस्टीम स्टेबलच आहे, पण आता स्लोपचा अर्धा भाग वजा होतो. तुम्ही 1 मागता आणि आउटपुट आधी उलट दिशेला जातं, 0.2 सेकंदाला −0.91 पर्यंत, मग वर येतं, 1.4 पर्यंत चढतं आणि मग 1 वर बसतं. हे टळू शकतं का? नाही. झीरोवर G(2) = 0, म्हणून Y(2) पण 0, आणि Y(2) म्हंजे y(t)·e^(−2t) चं पूर्ण इंटिग्रल. e^(−2t) कायम पॉझिटिव्ह, मग बेरीज शून्य यायला y ला कधीतरी निगेटिव्ह जावंच लागतं. संपलं.

ही कागदावरची गंमत नाहीये. इथून जवळ भुसावळला दीपनगरच्या 500 मेगावॅटच्या बॉयलरमध्ये ड्रम असतो (नवं 660 वालं सुपरक्रिटिकल, त्यात ड्रमच नाही). कोणत्याही ड्रम बॉयलरमध्ये फीडवॉटर वाढवलं की ते थंड पाणी आतल्या वाफेचे बुडबुडे बसवतं आणि लेव्हल आधी खाली जाते, याला श्रिंक म्हणतात, मग भर पडून वर येते. लेव्हल तिथे थांबत नाही, चढतच राहते, कारण एक पोल ओरिजिनला आहे, पण सुरुवातीचा उलटा भाग उजव्या झीरोचाच. लेव्हल पडली बघून कंट्रोलरने घाईने अजून पाणी सोडलं की ती अजून पडते, आणि मग झुलायला लागते.

कुणीतरी नेहमी विचारतं की कंट्रोलरमध्ये +2 ला पोल टाकून झीरो कॅन्सल करू. आउटपुट चांगलं दिसेल हो, पण कंट्रोलरच्या आत e^(2t) वाढत बसेल, 5 सेकंदात 22 हजार पट, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होऊन अडकेल. फीडबॅकने पोल हलतात, झीरो जागचा हलत नाही, उलट गेन वाढवला की पोलच त्याच्याकडे ओढले जातात, म्हंजे उजवीकडे! म्हणून लूप हळू ठेवतात, बँडविड्थ झीरोच्या साधारण निम्म्याखाली, आपल्या उदाहरणात 1 रेडियन पर सेकंदच्या आसपास. आणि बॉयलरवर एकट्या लेव्हलवर विसंबत नाहीत, स्टीम फ्लो आणि फीडवॉटर फ्लो पण मोजून तीन सिग्नलवर पाणी चालवतात, म्हंजे वाफ जितकी गेली तितकं पाणी आधीच जातं, लेव्हलने फक्त बारीक करेक्शन करायचं.