पगार थांबला तर किती महिने? आणीबाणीच्या निधीचा हिशोब

मंडळी, आणीबाणीसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत, असं कुणालाही विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं: तीन ते सहा महिन्यांचा खर्च. उत्तर चुकीचं नाही. पण तीन आणि सहा यांत दुपटीचा फरक आहे, आणि आपलं घर त्यात कुठे बसतं ते काही या उत्तरातून कळत नाही. शिवाय ‘खर्च’ म्हणजे नेमका कोणता खर्च? म्हणून आज मी एकच घर घेणार आहे आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत नेणार आहे. आकडे कोणत्याही चलनात बसावेत म्हणून त्या घराचा महिन्याचा एकूण खर्च 100 धरू.

नवरा नोकरी करतो, त्याचा पगार 70. बायको स्वतंत्रपणे डिझाइनची कामं घेते, तिची सरासरी मिळकत 50. म्हणजे महिन्याला 120 येतात, 100 जातात, 20 शिल्लक राहतात.

आता या 100 मधलं काय थांबवता येतं आणि काय नाही, ते पाहू. घराचा हप्ता 34, किराणा 18, वीज, फोन आणि प्रवास 8, आईची औषधं 4. मुलांची फी वर्षाला 108 आणि विम्याचे हप्ते वर्षाला 60. बाराने भागले की महिन्याला 9 आणि 5. हे शेवटचे दोन आकडेच बहुतेकांच्या हिशोबातून निसटतात, कारण आपण गेल्या महिन्याचं बँक स्टेटमेंट उघडतो आणि वर्षातून एकदा जाणारी रक्कम त्यात नसते. म्हणून स्टेटमेंट पूर्ण बारा महिन्यांचं घ्या. सगळ्याची बेरीज 78 होते. उरलेले 22 कपडे, फिरणं, बाहेरचं जेवण यांवर जातात आणि वेळ आली तर थांबतात. तेव्हा या घराचा बांधील खर्च 78.

पण 78 ला सहाने गुणून मोकळं होऊ नका. निधीला पूर्ण खर्च क्वचितच पेलावा लागतो. एक मिळकत थांबल्यावर जी तूट उरते, ती त्याने भरायची असते. आणि ती किती काळ भरायची? नोकरी गेल्या दिवसापासून नव्या नोकरीचा पहिला पगार खात्यात पडेपर्यंत. नोकरी शोधण्याचा काळ सगळे धरतात. रुजू व्हायला लागणारा वेळ आणि पहिल्या पगारापर्यंतचा महिना मात्र धरत नाहीत. या नवऱ्याच्या क्षेत्रात शोधायला चार महिने लागतात असं मानू. वर रुजू होण्याचा एक आणि पगाराची वाट पाहण्याचा एक. झाले सहा.

त्या सहा महिन्यांत बायकोची मिळकत 50 धरायची का? नाही. सरासरी इथे फसवते. तिने गेल्या दोन वर्षांत खरोखर हातात आलेल्या रकमा महिन्यावार लिहाव्यात. बिल पाठवल्याची तारीख धरू नये, पैसे जमा झाल्याची धरावी. मग सलग सहा महिन्यांचा सर्वांत वाईट पट्टा शोधावा. समजा त्या पट्ट्याची सरासरी 28 निघाली, तर हिशोबात 28 च घ्यायचे. आणखी एक गोष्ट: नोकरीबरोबर मिळणारं आरोग्य विम्याचं संरक्षणही जातं. ते स्वतः घ्यायला महिन्याला 3 लागतील असं धरलं, तर बांधील खर्च 81 झाला. त्यातून 28 वजा जाता महिन्याची तूट 53, सहा महिन्यांची 318.

उलट बाजूही तपासू. बायकोची कामं पूर्ण बंद झाली, तर 78 वजा 70, तूट फक्त 8. आठ महिने गेले तरी 64. म्हणजे या घराचा खरा धोका पगार थांबण्यात आहे आणि निधी त्याच मापाने ठेवायचा. त्यात अचानक येणाऱ्या एकरकमी खर्चासाठी, म्हणजे विम्यात न बसणारं रुग्णालयाचं बिल किंवा तातडीची दुरुस्ती यांसाठी, 60 मिळवू. एकूण 378, म्हणजे 380 धरू. बांधील खर्चाच्या जेमतेम पाच महिन्यांइतके.

आता एकच गोष्ट बदलू. बायकोची सगळी कामं नवऱ्याच्याच उद्योगातून येतात. मंदी आली की दोघांनाही एकाच वेळी फटका बसणार. अशा वेळी तिचे 28 धरता येत नाहीत. 81 गुणिले सहा म्हणजे 486, अधिक 60, एकूण 546: बरोबर सात महिन्यांचा बांधील खर्च. मिळकत तीच, खर्च तोच, माणसं तीच. दोन मिळकती एकाच फांदीवर आहेत की वेगवेगळ्या, एवढ्याने दोन महिन्यांचा फरक पडला. घरात दोघं कमावतात म्हणून निश्चिंत असलेल्यांनी हे आवर्जून तपासावं.

पैसे कुठे ठेवायचे, हे ते किती तासांत लागतील यावर ठरतं. 380 पैकी 120 साध्या बचत खात्यात ठेवा. त्यात एकरकमी खर्चाचे 60 आणि पहिल्या महिन्याची तूट सहज बसते. खातं दोघांच्या नावावर, कोणाही एकाच्या सहीने चालणारं हवं. जो रुग्णालयात आहे त्याच्याच एकट्याच्या नावावर निधी असेल तर ऐन गरजेला तो असून नसल्यासारखा होतो.

उरलेले 260 मुदत ठेवीत ठेवा, पण एकच मोठी ठेव करू नका. 52-52 च्या पाच करा. एक ठेव म्हणजे जवळजवळ एका महिन्याची तूट. मुदतीआधी मोडली तर व्याजातली कपात तेवढ्या एकाच ठेवीवर बसते, बाकीच्या चार तशाच चालू राहतात. मात्र मुदतीआधी मोडताच येत नाही अशी ठेव यात अजिबात नको. आणि शक्य असेल तर बचत खातं व ठेवी वेगळ्या बँकांत असाव्यात, म्हणजे एक खातं गोठलं तरी दुसरीकडे हात पोचतो.

थोडं जास्त व्याज मिळतं म्हणून पुष्कळ जण मनी मार्केट फंडाकडे, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाकडे वळतात. एक भाग तिथे ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याला बँक खात्याइतकं पक्कं मानू नका. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतल्या रिझर्व्ह प्रायमरी या अशाच एका फंडात लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचे रोखे एकूण मालमत्तेच्या दोन टक्क्यांहूनही कमी होते. लेहमन बुडाली, फंडाचं मूल्य डॉलरला 97 सेंटवर आलं, सगळे एकदम पैसे काढायला धावले आणि गुंतवणूकदारांना आपल्याच पैशांसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं. त्याच मंदीत अमेरिकी बँकांनी अनेकांची घरावरची न वापरलेली कर्जमर्यादाही कमी केली किंवा गोठवली. ‘लागलंच तर कार्ड आहे’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो: ती मर्यादा बँकेच्या मर्जीवर आहे, आणि तुमची नोकरी जाते त्याच सुमारास बँकही हात आखडता घेते. शेअरचं तेच. ते पडण्याचा आणि नोकरकपातीचा हंगाम बऱ्याचदा एकच असतो.

महिन्याला 20 शिल्लक टाकणाऱ्या या घराला 380 जमवायला एकोणीस महिने लागतील. पण बचत खात्यातले पहिले 120 सहा महिन्यांतच होतात, म्हणून आधी तेवढेच पूर्ण करावेत आणि मग 52 जमतील तशी एकेक ठेव उभी करावी. थांबवता येणाऱ्या 22 मधले 10 इकडे वळवले, तर तेच 120 चार महिन्यांत होतात आणि पूर्ण निधी तेराव्या महिन्यात.