पडशात पळावं का?

(धावणाऱ्यांच्या एका गटासमोर आणि काही पालकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. जानेवारीच्या शर्यती तोंडावर आल्या की दवाखान्यात एक प्रश्न रोज येतो: "डॉक्टर, सर्दी झालीय, पण सराव चुकवायचा नाही. पळू का?" बऱ्याच जणांनी एक नियम ऐकलेला असतो. त्रास मानेच्या वर असेल तर व्यायाम करा, मानेच्या खाली उतरला तर थांबा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाचे डॉक्टर रँडी आयकनर खेळाडूंवर उपचार करत. त्यांनी 1990 च्या दशकात हा नियम रूढ केला. नियम चांगला आहे, पण लोक तो अर्धाच लक्षात ठेवतात.

मानेच्या वर म्हणजे नाक गळणं, नाक चोंदणं, शिंका, घसा थोडा खवखवणं. मानेच्या खाली म्हणजे छातीतून येणारा खोकला, कफ, धाप, अंग मोडून येणं, जुलाब, उलट्या. ताप मात्र कुठल्याच बाजूला मोजायचा नाही. नाक गळतंय आणि बाकी काही नाही, पण अंगात 100.4 फॅरनहाइट ताप आहे, तर तिथे नियम संपला. त्या दिवशी व्यायाम बंद.

आयकनर आणखी एक सांगत, आणि तेच नेमकं विसरलं जातं. त्रास मानेच्या वरच असला तरी थेट नेहमीच्या वेगाने सुटायचं नाही. निम्म्या वेगाने दहा मिनिटं पळून बघायचं. नाक मोकळं झालं, बरं वाटलं, तर पुढे जा. प्रत्येक पावलाला डोकं ठणकू लागलं तर घरी परत या.

याला काही आधार आहे का? आहे. अमेरिकेतच बॉल स्टेट विद्यापीठात थॉमस वाइडनर यांनी निरोगी तरुण विद्यार्थ्यांना सर्दीचा विषाणू मुद्दाम नाकात घालून दिला. त्यातल्या काहींना एक दिवसाआड 40 मिनिटं मध्यम व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना विश्रांती दिली. सर्दी किती दिवस टिकली आणि किती त्रास झाला, यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण हा निष्कर्ष साध्या सर्दीच्या विषाणूपुरता, तरुण मुलांपुरता आणि मध्यम व्यायामापुरता आहे. फ्लूला तो लावता येत नाही. दम्याच्या रुग्णाला तर नाहीच, कारण त्याची साधी सर्दीसुद्धा छातीत उतरते.

तापात का थांबायचं, ते नीट समजून घ्या. "घाम काढला की ताप उतरतो," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण ते खरं नाही. ताप म्हणजे शरीराने स्वतःचं तापमान जाणूनबुजून वर नेऊन ठेवलेलं असतं. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, म्हणजे तुम्ही जागचे हलायच्या आधीच हृदय जादा काम करत असतं. त्यात पळायला लागलात की स्नायूंची उष्णता त्यावर चढते, पाणी घामावाटे जातं, आणि नेहमीचा वेगही झेपत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. काही विषाणू रक्तातून हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात आणि तिथे सूज आणतात. हे क्वचित होतं, पण तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागच्या कारणांत या सुजेचं नाव येतं. 1970 मध्ये कॉक्सॅकी विषाणूची लागण केलेल्या उंदरांना रोज पोहायला लावून बघितलं गेलं. न पोहणाऱ्या उंदरांपेक्षा त्यांच्या हृदयात शेकडो पटींनी जास्त विषाणू सापडले. माणसावर असा प्रयोग कुणी करणार नाही, आणि उंदराचं सगळंच माणसाला लागू होत नाही. तरीही तापात दोन-तीन दिवस पळणं सोडलं तर काहीच बिघडत नाही. पळालं तर काय होऊ शकतं, ते तुमच्यासमोर आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, रविवारी अर्धमॅरेथॉन आहे. सोमवारी घसा खवखवला, मंगळवारी नाक वाहू लागलं. दहा मिनिटं हळू पळून बघितलं, ठीक वाटलं, अर्धा तास सावकाश पळून झालं. इथपर्यंत काही चुकलं नाही. बुधवारी सकाळी अंगात कणकण आहे, पिंढऱ्या दुखताहेत, ताप 101. पॅरासिटामॉल घेतलं, तासाभरात 98.8 झाला, अंगदुखी थांबली, हुशारी वाटली. संध्याकाळी पळावं का? नाही. गोळीने थर्मामीटरवरचा आकडा खाली आणला आहे, आजार जिथे होता तिथेच आहे. गोळीचा असर चार ते सहा तास टिकतो. म्हणून ताप गेला असं कधी म्हणायचं, तर गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप आला नाही तेव्हा. या माणसाचा ताप शुक्रवारी सकाळी गेला, तर ते 24 तास शनिवारी सकाळी भरतात. रविवारी 21 किलोमीटर पळायचे नाहीत. पहिल्या दिवशी वीस मिनिटं चालणं, दुसऱ्या दिवशी थोडं हळू पळणं. रोज उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजा. ती अजून नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असेल, तर आणखी एक दिवस थांबा.

हेच पालकांसाठी. सकाळी सहाला मुलाला तापाचं औषध पाजलं, सातच्या बसमध्ये बसवलं, की अकरा वाजता शाळेतून फोन येतो. तोवर शेजारच्या बाकावरच्या मुलाला लागण झालेली असते. मानेचा नियम आपल्या शरीराला किती झेपेल एवढंच सांगतो. आपल्यामुळे दुसऱ्याला लागेल का, हे तो सांगत नाही. सर्दी पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त पसरते. फ्लू तर लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पाच-सात दिवस पसरत राहतो. नुसतं नाक गळत असेल तर मूल शाळेत जाऊ शकतं, तुम्हीही मास्क लावून ऑफिसला जाऊ शकता. ताप असेल तर दोघंही घरी. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर नुसत्या सर्दीतही त्यांच्यापासून जपा.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर एक वेगळी अडचण येते, ती म्हणजे डेंगी. डोकं दुखतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, म्हणजे त्रास मानेच्या वरच वाटतो. पण नाक गळत नाही, आणि ताप मोठा असतो. डेंगीत 24 तासांचा हिशेबही फसतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि माणूस म्हणतो, बरा झालो. खरा धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो आणि एक-दोन दिवस चालतो. पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, भयंकर गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. सर्दीशिवाय मोठा ताप आला तर रक्त तपासून घ्या. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि ताप जाऊन आठवडा-दोन आठवडे झाले, पळायला सुरुवात केली, आणि छातीत दुखतंय, नेहमीचा जिना चढताना धाप लागतेय, धडधडतंय किंवा चक्कर येतेय, तर "अशक्तपणा असेल" म्हणून ते अंगावर काढू नका. त्याच दिवशी पळणं बंद करून ईसीजी काढा आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते दाखवणाऱ्या ट्रोपोनिन या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. हृदयाची सूज निघालीच, तर स्पर्धेपासून साधारण तीन ते सहा महिने लांब राहावं लागतं, आणि पुन्हा केव्हा सुरू करायचं ते हृदयरोगतज्ज्ञ तपासून ठरवतात.