क्लोन उलटा झाला तर

नमस्कार श्रोतेहो.

डिस्कचा क्लोन काढायचा म्हणजे एक भरलेली डिस्क आणि एक कोरी. आपल्या दृष्टीने भरलेली चांगली आणि कोरी नवी. यंत्राला यातलं काहीच कळत नाही. त्याला एवढंच ठाऊक, की एका खाचेतली डिस्क वाचायची आणि दुसऱ्या खाचेतलीवर लिहायचं. डिस्क अदलाबदल होऊन बसल्या, तर तेच यंत्र तितक्याच इमानदारीने कोरेपणाची नक्कल तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरवू लागतं. मध्येच थांबून विचारतही नाही.

आज बोलायचं आहे ते असं झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं आणि पुढे काय परत मिळू शकतं याविषयी.

डिचोलीकडच्या एका फोटोग्राफरचं उदाहरण घेऊ. 1 टीबीची जुनी हार्ड डिस्क. तिच्यावर कित्येक वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी आणि आजूबाजूच्या गावांतल्या जत्रांना रात्र रात्र चाललेली नाटकं. सहाशेएक जीबी भरलेली. डिस्क अधूनमधून अडकू लागली म्हणून त्यांनी तशीच 1 टीबीची नवी आणली. दोन खाचांचा क्लोनिंग डॉक होता, संगणकाला न जोडता चालणारा. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. बटण दाबलं, दिवे लुकलुकू लागले आणि ते चहा प्यायला गेले. परत येऊन बघतात तर 'सोर्स' लिहिलेल्या खाचेत नवी डिस्क! बारा मिनिटं झाली होती. फोन आला, "दादा, आता काय करू? बटण परत दाबू की पुरं होऊ देऊ?"

उत्तर एकच: डॉकची वायर भिंतीतून ओढा. बटण नको, थांबायचा पर्याय शोधणं नको, करंट तोडायचा. असं अचानक वीज तोडणं डिस्कला बरं नाही हे खरं, पण इथे प्रत्येक सेकंदाला शंभराहून अधिक एमबी कायमचे जात असतात. क्लोन संगणकावर सॉफ्टवेअरने चालू असेल, तर ज्या डिस्कवर लिहिलं जातंय तिची यूएसबी केबल उपसा. ती डिस्क आतच बसवलेली असेल, तर पॉवरचं बटण बंद होईपर्यंत दाबून धरा.

मग कागदावर लिहून ठेवा: कुठलं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, किती वाजता सुरू केलं, किती वाजता तोडलं, पडद्यावर टक्के दिसत असतील तर किती. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर चालतो. डिस्कवर 'लावू नये' अशी चिठ्ठी डकवा, कारण घरात कोणीतरी 'बघूया चालते का' म्हणून लावतोच.

लावली की विंडोज विचारतं, डिस्क 'इनिशियलाइझ' करायची का, नाहीतर फॉरमॅट करायची का. दोन्हीला 'कॅन्सल'. 'सीएचकेडीएसके' चालवून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, ते उरलेल्या खुणांवरच हात फिरवतं. आणि घाबरून लोक आणखी एक गोष्ट करतात: डिस्क बदलून क्लोन सरळ दिशेने पुन्हा चालवतात. त्याने पुसलेलं परत येत नाही, अर्धी पुसलेली डिस्कच तशीच नव्यावर उतरते. नव्या डिस्कवर मुळात काही नव्हतंच, तिथून परत काय येणार?

आता हिशेब. असा डॉक डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून क्रमाने लिहीत जातो. जुन्या हार्ड डिस्कला सेकंदाला 120 एमबी धरले, तर बारा मिनिटांत साधारण 86 जीबी होतात. म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचे 86 जीबी शून्यांनी भरले आणि त्यापुढचं सगळं जसंच्या तसं राहिलं. ते चहाऐवजी जेवायला गेले असते, तर सव्वादोन-अडीच तासांत पुरा 1 टीबी संपला असता.

पण त्या 86 जीबींत एक फार महत्त्वाची चीज होती. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलींची नोंदवही असते, तिला एमएफटी म्हणतात. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरमधली, डिस्कवर कुठे ठेवली, हे सगळं तिथे असतं. साधारणपणे ही नोंदवही डिस्कवरच्या विभागाच्या, म्हणजे पार्टिशनच्या, सुरुवातीपासून 3 जीबीवर सुरू होते, म्हणजे डॉक तिथे अर्ध्या मिनिटात पोचतो. दर फाइलीला 1 केबीची नोंद, म्हणून लाखभर फाइलींची नोंदवही शंभर एमबीच्या आसपास, ती सेकंदभरात साफ. आपल्याकडे एक-चौदाचे उतारे जळाले तर जमीन कुठे जात नाही, पण कुठला तुकडा कोणाचा हे सांगायला कोणी उरत नाही. इथे तेच झालं. फोटो जागेवर, नावं आणि फोल्डर गेले.

शेवटच्या टोकाला मात्र थोडं वाचलेलं असतं. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर विभागांच्या तक्त्याची दुसरी प्रत अगदी शेवटच्या सेक्टरांत असते आणि एनटीएफएसच्या बूट सेक्टरची प्रत त्या विभागाच्या शेवटी. क्लोन अर्ध्यात तोडला तर या दोन्ही शाबूत राहतात. टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यांवरून विभाग कुठून कुठपर्यंत होता हे सांगतं. फाइली त्याने परत येत नाहीत, पण शोधाची हद्द कळते.

काहीही शोधण्याआधी त्या डिस्कची पूर्ण नक्कल, म्हणजे इमेज, तिसऱ्या मोठ्या डिस्कवर काढायची आणि पुढचं काम त्या इमेजवरच करायचं. आधीच अडकणारी डिस्क असेल तर डीडीरेस्क्यू वापरतात. ते चांगला भाग आधी उचलून घेतं आणि अडलेल्या जागी नंतर परत येतं. ही कॉपी करतानाही दिशा चुकू शकते बरं का! म्हणून आधी एकच डिस्क लावा, ती कुठल्या नावाने दिसते ते लिहा, मग दुसरी लावा. लेबलावरचा सिरीयल नंबर पडद्याशी जुळवणं उत्तम, पण काही यूएसबी डॉक डिस्कचा नंबर न दाखवता स्वतःचाच दाखवतात, तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका.

इमेजवर फोटोरेक चालवलं. हे सॉफ्टवेअर नोंदवहीच्या वाटेला जात नाही, सरळ डिस्क चाळत जातं. प्रत्येक जेपीईजी ठरावीक बाइटांनी सुरू होते, ती खूण दिसली की फाइल उचलायची. मिळालेल्या फाइलीला ते 'एफ' आणि पुढे सेक्टरचा नंबर असं नाव देतं. 86 जीबी म्हणजे 512 बाइटांचे जवळजवळ 17 कोटी सेक्टर. यादी बघितली तर त्याखालच्या नंबरची एकही फाइल नव्हती, त्यावरच्या हजारो होत्या. बारा मिनिटांचा हिशेब तिथे डोळ्यांनी दिसला.

नावं गेली तरी कॅमेऱ्याचा फोटो आपल्या पोटात तारीख आणि वेळ घेऊन फिरतो. त्या तारखांप्रमाणे फाइली लावल्या की एकेक लग्न वेगळं निघालं. पॅकेजच्या वहीत लग्नाच्या तारखा होत्याच, त्यामुळे कुठलं कोणाचं हेही कळलं. गेली ती बहुतेक सगळ्यात जुनी कामं, कारण कोरी डिस्क भरताना सुरुवातीकडची जागा सहसा आधी भरत जाते. त्यांतलीही काही दुसरीकडून मिळाली: अल्बम छापणाऱ्या लॅबकडे पाठवलेले निवडक फोटो, गिऱ्हाइकांना दिलेले पेनड्राइव्ह. डेटा परत काढण्यावर पैसे घालायच्या आधी असे फोन करून घ्यावेत, त्याला खर्च काही नाही.

नाटकांची गोष्ट मात्र वेगळी झाली. तीन-चार तासांची फाइल भरत आलेल्या डिस्कवर सलग जागेत मावतेच असं नाही, ती तुकड्यांत पसरते. ते तुकडे जोडायला नोंदवहीच लागते आणि ती तर गेलेली. एमपी 4 फाइलीत कुठलं चित्र कुठे आहे याचा तक्ता कॅमेरे बहुधा शेवटी लिहितात, तो तुकडा हाती लागला नाही तर बाकीचं काहीच चालत नाही. जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली यात बऱ्या. त्यांची रचना छोट्या छोट्या पाकिटांची असते, त्यामुळे मधला तुकडासुद्धा चालतो. पहिला अंक नाही, दुसरा आहे, तिसऱ्यातला राजा सिंहासनावरून उठतानाच चित्र तुटतं, अशा अवस्थेत का होईना, काही नाटकं आली.

आता याच्या उलट प्रकार, जो ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. क्लोन डॉकने नाही, संगणकातल्या हुशार सॉफ्टवेअरने केला. नवी डिस्क नुसती फॉरमॅट केलेली, रिकामी. असं सॉफ्टवेअर फक्त वापरलेली जागा कॉपी करतं आणि रिकाम्या एनटीएफएस डिस्कवर वापरलेलं असतं काय, तर शंभरेक एमबी. मिनिटभरात 'शंभर टक्के पूर्ण' आणि भरलेली डिस्क उघडली तर ठणठणाट. माणूस कपाळाला हात लावतो. खरं तर हा डॉकच्या बारा मिनिटांपेक्षा कितीतरी बरा अपघात. नव्या नोंदवहीने जुनीची पहिली काही पानंच झाकलेली असतात, पुढची जागेवर असतात. पूर्ण स्कॅन करणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यांतून बऱ्याच फाइली नावांसकट, फोल्डरांसकट मिळतात. मात्र त्या डिस्कवर त्यानंतर काही साठवलेलं नसावं.

हे सगळं हार्ड डिस्कचं. चांगली डिस्क एसएसडी असेल तर आशा कमी ठेवा. विभाग पुसताना किंवा फॉरमॅट करताना संगणक तिला 'ट्रिम' नावाचा हुकूम पाठवतो, की ही जागा आता रिकामी समज. त्यानंतर बहुतेक एसएसडी त्या जागेवर नुसती शून्यं दाखवतात आणि करंट चालू असेपर्यंत आतल्या आत सफाई करत राहतात. म्हणून तिथे वीज तोडायची घाई दुप्पट.

आणि जिथे खरोखर दुसरं काही लिहिलं गेलं, तिथलं आधीचं परत येत नाही. मोठ्या लॅबमध्ये खालचा थर वाचतात, अशी समजूत अजून आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची 2014 ची डेटा नष्ट करण्याबद्दलची मार्गदर्शिका म्हणते, की चुंबकीय डिस्कवर एकदा शून्यं लिहिली तरी अद्ययावत प्रयोगशाळेलासुद्धा ते सहसा परत काढता येत नाही. त्यामुळे पूर्ण क्लोन होऊन गेलेल्या हार्ड डिस्कवरून 'सगळं काढून देतो' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. त्याला किती मिनिटं लिहिलं गेलं ते सांगा आणि त्यावर तो काय प्रश्न विचारतो ते बघा.

नवी डिस्क घ्यायचीच असेल तर जुनीपेक्षा मोठी घ्या, 1 टीबीला 2 टीबीची. न जोडता चालणारे बहुतेक डॉक मोठ्या डिस्कचा क्लोन लहानवर करायला नकार देतात. खाचा उलट्या झाल्या तर एरर दिवा लागेल आणि काम सुरूच होणार नाही. सॉफ्टवेअर मात्र विभाग आकसून घेऊ शकतात, तिथे हा आडोसा धरू नका.

नमस्कार.