छत्रीचं कापड आणि निकेलचा तुकडा : रेसिप्रोकल लॅटिस कशी काढायची

(फोंड्यातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, जरा लाईट बंद करा. पावसाळा आहे, त्यामुळे छत्री सगळ्यांकडेच आहे, मला एक पातळ नायलॉनची द्या. आता हा हिरवा लेझर कापडातून भिंतीवर सोडतो, डोळ्यांकडे मात्र कोणी धरू नका. दिसलं? मध्ये एक ठिपका आणि त्याच्या चारही बाजूंना ठिपक्यांची जाळी. आता कापड तिरकं ओढतो, म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांशी काटकोनात राहत नाहीत. भिंतीकडे बघा, जाळी पण तिरकी झाली, पण धाग्यांच्या दिशेने नाही, एका धाग्याला काटकोन करून जी दिशा मिळते त्या दिशेने ठिपके गेले. आजचं सगळं व्याख्यान या एवढ्या गोष्टीवर आहे.

द्विमितीय क्रिस्टल म्हणजे दोन वेक्टर, a₁ आणि a₂, त्यांच्या पावलांनी चालत गेलं की प्रत्येक अणू सापडतो. भिंतीवर दिसली तशी ठिपक्यांची जाळी म्हणजे रेसिप्रोकल लॅटिस, तिच्यासाठी आणखी दोन वेक्टर हवेत, b₁ आणि b₂, आणि अट अशी:

```
a₁·b₁ = 2π    a₁·b₂ = 0
a₂·b₁ = 0     a₂·b₂ = 2π
```

म्हणजे b₁ हा a₂ ला लंब, a₁ ला नाही. मुलं इथेच चुकतात, b₁ हा a₁ च्याच दिशेने काढतात आणि लांबी 2π/a लिहून मोकळी होतात. चौकोनी जाळीत ते योगायोगाने बरोबर येतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही.

आपल्या इथल्या बागेत पोफळी त्रिकोणी लावल्यात असं समजा, दोन झाडांत 3 मीटर. दोन रांगांमधलं अंतर किती? 3 नाही, साधारण 2.6, कारण रांगेतून रांगेत जायचं अंतर लंब मोजतात. b ची लांबी या रांगांच्या अंतरावर ठरते, झाडांच्या अंतरावर नाही: 2π भागिले d, आणि दिशा रांगांना लंब.

आता लाट आणू. येणारी लाट k, जाणारी k′. प्रत्येक अणूवरून फुटलेल्या लाटा जुळायच्या तर (k′−k)·a₁ आणि (k′−k)·a₂ हे दोन्ही 2π च्या पूर्ण पटीत यायला हवेत. वरच्या चार ओळी परत बघा, ही अट तंतोतंत h·b₁ + k·b₂ ने भागते (इथला h, k म्हणजे साधे पूर्णांक). म्हणजे लाटेच्या बदलाचा पृष्ठभागालगतचा भाग रेसिप्रोकल लॅटिसचा एक बिंदू असला पाहिजे. पृष्ठभागाला लंब दिशेत मात्र काहीच अट नाही, तिकडे पुनरावृत्तीच नाही, म्हणून प्रत्येक बिंदू तिथे उभी काठी होतो.

1927 साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या त्रिकोणी मांडणीच्या पृष्ठावर 54 वोल्टचे इलेक्ट्रॉन सरळ सोडले, आणि सुमारे 50 अंशांवर तीव्रतेचा मोठा उंचवटा मिळाला. चला, आपण मोजू. निकेलमध्ये शेजारच्या दोन अणूंत 2.49 अँगस्ट्रॉम, म्हणजे रांगांत 2.16. 54 वोल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी 1.67 अँगस्ट्रॉम. जाणाऱ्या लाटेच्या k′ ची लांबी 2π/λ, ती लंबाशी θ कोनात निघाली तर तिचा पृष्ठालगतचा भाग (2π/λ)·sin θ, आणि तो b इतका, म्हणजे 2π/d हवा, म्हणून

```
sin θ = λ/d = 1.67/2.16 ≈ 0.77
```

कोन साधारण 50 ते 51 अंश. आता 2.16 च्या जागी चुकून 2.49 घातलं तर 42 येतो, आठेक अंशांचा फरक, आणि त्यावरून लगेच कळतं की अणूंचं अंतर घेतलंय, रांगांचं नाही. व्होल्टेज कमी केलं की λ वाढते आणि 32 वोल्टच्या आसपास λ रांगांच्या अंतराएवढी झाली की ठिपका आडवा होऊन पृष्ठाला चिकटतो, त्याखाली तो निघतच नाही.

पण मग 54 लाच उंचवटा सगळ्यात मोठा का? आपल्या द्विमितीय अटीप्रमाणे 40 पासून 68 पर्यंत प्रत्येक वोल्टला ठिपका असायला हवा, नुसता कोन बदलत जाईल. आणि तसंच होतं, पण त्याची तीव्रता मधे वाढते आणि परत पडते. इलेक्ट्रॉन दुसऱ्या-तिसऱ्या थरापर्यंत जातात, त्या थरांवरून परत येणाऱ्या लाटा काही वोल्टला वरच्या थराशी जुळतात, काहींना नाही. म्हणजे ठिपका कुठे पडणार हे पृष्ठ सांगतं, किती उजळ ते खालचे थर सांगतात. पटत नसेल तर तोच तुकडा 60 अंश फिरवून बघा: वरच्या थराला दोन्ही दिशा सारख्याच, रांगांचं अंतर तेच, पण डेव्हिसन-जर्मर यांना तिकडे मोठा उंचवटा 54 ला नाही, 65 वोल्टला आणि 44 अंशांवर मिळाला. कोन आपल्या सूत्रात बसतो, 1.52/2.16, साधारण 45. वोल्टेज मात्र एकट्या वरच्या थरावरून काढताच येत नाही, कारण खालचे थर 60 अंशांनी फिरवल्यावर आपल्या जागी परत येत नाहीत, ते 120 ला येतात.