पॅरासिटामॉलचा डोस चुकून दोनदा दिला गेला तर?

नमस्कार. आईने रात्री आठ वाजता बाळाला तापाचे औषध दिले, साडेआठला बाबा घरी आले आणि बाळाचे अंग गरम लागल्यामुळे त्यांनीही तेच औषध पुन्हा दिले. अशा वेळी सर्वांत आधी बाटली हातात घ्या आणि तिच्यावर 5 मिलीमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते वाचा, कारण किती चमचे दिले यावरून धोका समजत नाही.

समजा, मुलाचे वजन 12 किलो आहे आणि बाटलीवर 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम असे लिहिले आहे. साडेसात मिली दोनदा दिले, तर पोटात 360 मिलिग्रॅम गेले, म्हणजे किलोमागे 30. नेहमीचा एक डोस किलोमागे 10 ते 15 असतो, आणि दिवसभरात किलोमागे 75 किंवा त्याहून अधिक गेल्यास रुग्णालयात तपासणी आवश्यक मानली जाते. म्हणून एरवी निरोगी असलेल्या या मुलाला बहुधा अपाय होणार नाही. तरीही डॉक्टरांना फोन करून हे आकडे सांगा आणि त्यांनी वेगळे काही सांगितले नाही, तर पुढचे 24 तास पॅरासिटामॉल देऊ नका. सर्दीच्या मिश्र औषधांतही ते असते, त्यामुळे त्यांची लेबलेही तपासा.

आता हीच चूक ड्रॉप्सच्या बाटलीने झाली असे समजू. काही ड्रॉप्समध्ये 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असते, त्यामुळे तेच साडेसात मिली दोनदा दिल्यास 1500 मिलिग्रॅम होतात, म्हणजे किलोमागे 125. येथे वाट न पाहता मुलाला बाटलीसह रुग्णालयात न्यावे. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल, यकृताचा आजार असेल, मूल काही दिवस नीट जेवत नसेल किंवा नेमके किती औषध गेले हेच आठवत नसेल, तर आकडा लहान वाटला तरी लगेच वैद्यकीय सल्ला घ्या.

मूल खेळते आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जास्त मात्रेतील पॅरासिटामॉलपासून तयार होणारा विषारी घटक यकृताच्या पेशींना इजा करतो, पण पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा उलटी याखेरीज काहीच न दिसणे शक्य असते. पोटाच्या उजव्या वरच्या भागातील दुखणे आणि कावीळ नंतर येते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

रुग्णालयात औषधाची रक्तातील पातळी साधारणपणे डोसनंतर चार तासांनी तपासतात, कारण त्याआधीचा आकडा फसवा ठरू शकतो. गरज असल्यास एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा देतात, जो पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी असतो. म्हणून दोन्ही डोसांच्या वेळा, मुलाचे वजन आणि दिलेले मिली आताच कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या.